व्लॉग पहिल्या ३० सेकंदांत गळतोय? मधला भारी क्षण पुढे आणायची दुरुस्ती, सोप्यापासून अवघडापर्यंत

मित्रमंडळींचे आणि इतरही बऱ्याच जणांचे व्लॉग एडिट करून देतो, आणि दर वेळी माझ्याकडे येणारा बिघाड एकच असतो. व्हिडिओत खरोखर मस्त काहीतरी घडलेलं असतं पण ते बसलेलं असतं अकराव्या बाराव्या मिनिटाला, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत बघणारा निघून गेलेला असतो. उपाय ऐकायला सोपा आहे, तो क्षण उचला आणि पहिल्या १५ सेकंदांत ठेवा. पण नुसता उचलून ठेवला की बऱ्याचदा काहीच फरक पडत नाही, उलट कधी कधी अजून बिघडतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. वरून खाली जा, जिथे काम झालं तिथे थांबा.

आधी लक्षणं बघा, हाच आजार आहे ना

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये रिटेन्शनचा ग्राफ असतो, कुठल्या सेकंदाला किती टक्के लोक अजून बघतायत ते दाखवणारा. नवीन व्हिडिओचा आकडा यायला एक दोन दिवस लागतात, त्यामुळे अपलोड करून तासाभरात घाबरू नका. ग्राफमध्ये या गोष्टी एकत्र दिसल्या तर आजार हाच आहे:

- पहिल्या ३० सेकंदांत रेष कड्यावरून पडल्यासारखी खाली येते पण मिनिटभरानंतर जवळपास सपाट चालते. म्हणजे जे टिकले त्यांना व्हिडिओ आवडतोय.
- मध्ये कुठेतरी उंचवटा आहे. लोक पुढे ढकलत ढकलत तिथे येतायत किंवा तोच भाग परत बघतायत.
- कमेंटमध्ये कोणीतरी टाइमस्टॅम्प टाकून लिहिलंय की खरी मजा इथून सुरू होते, आणि त्या कमेंटला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लाइक आहेत.

सुरुवातीला थोडी गळती प्रत्येक व्हिडिओत असते, चुकून क्लिक केलेले लोक जाणारच, ते कोणी थांबवू शकत नाही. म्हणून दुसऱ्याच्या चॅनलशी तुलना करू नका, स्वतःच्याच तेवढ्याच लांबीच्या जुन्या व्हिडिओंशी करा.

आणि दोन लक्षणं अशी आहेत की ती असतील तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. लोक क्लिकच करत नसतील तर गडबड थंबनेल आणि टायटलमध्ये आहे, आतले १५ सेकंद कितीही बदला, ते कोणी बघणारच नाहीये. आणि रेष सुरुवातीला ठीक असून पुढे शेवटपर्यंत हळूहळू उतरतच जात असेल तर मधला माल पातळ आहे, त्याला हुक, म्हणजे सुरुवातीला ठेवलेला खेचून घेणारा तुकडा, लावून उपयोग नाही.

तपासणी १: पहिली १५ सेकंदं दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून

दोन मिनिटांचं काम आणि फुकट, तरी कोणी करत नाही. आवाज बंद करून बघितलं की कळतं चित्रात काही घडतंय का नुसता चेहरा बोलतोय, आणि हे महत्त्वाचं यासाठी की फीडमध्ये व्हिडिओ आपोआप चालतो तेव्हा बऱ्याच वेळा आवाज बंदच असतो. डोळे मिटून ऐकलं की दुसरी गोष्ट कळते, पहिलं ठोस वाक्य किती सेकंदाला आलं. ठोस म्हणजे जे फक्त याच व्हिडिओत असू शकतं. "नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे, खूप दिवसांनी व्हिडिओ येतोय, त्याबद्दल सॉरी, तर आजच्या व्हिडिओत आपण" हे तुमच्या कुठल्याही व्हिडिओला चिकटवता येतं, म्हणजे ते ठोस नाही.

कधी कधी इथेच काम संपतं. सुरुवातीला ८ सेकंदांचा फिरणारा लोगो आणि २० सेकंदांची खुशाली असेल आणि त्यानंतर लगेच मुद्दा चालू होत असेल, तर तेवढं कापा आणि क्षण हलवायच्या भानगडीतच पडू नका. आधीच अपलोड केलेल्या व्हिडिओलाही हे करता येतं, स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवात ट्रिम होते, लिंक तीच राहते, व्ह्यू आणि कमेंट तसेच राहतात. पण त्या एडिटरमध्ये व्हिडिओचा भाग फक्त काढून टाकता येतो, मधला तुकडा उचलून पुढे ठेवता येत नाही. हे आधीच सांगतोय कारण लोक तिथे तासभर बटणं शोधत बसतात.

तपासणी २: जो क्षण पुढे आणणार आहात तो परक्या माणसाला कळतो का

तुम्हाला जो क्षण सगळ्यात भारी वाटतो तो बऱ्याचदा फक्त तुम्हालाच भारी वाटतो, कारण तुम्ही तिथे होतात आणि आधीचं सगळं तुम्हाला माहिती आहे. मित्राच्या एका शब्दावर सगळे पाच मिनिटं हसले, पण का हसले ते कळायला तो मित्र ओळखीचा लागतो. असला क्षण पुढे ठेवला की बघणाऱ्याला चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

व्हिडिओ आधीच टाकलेला असेल तर ग्राफचा उंचवटा बघा, तिथे परक्या लोकांनीच उत्तर दिलेलं असतं. अजून टाकला नसेल तर टाइमलाइनवर ऑडिओची वेव्ह बघा, जिथे अचानक मोठी उडी आहे आणि त्याच्या मागे लगेच शांतता आहे तिथे हमखास काहीतरी झालेलं असतं. आदळलं, पडलं, कोणी ओरडलं आणि मग सगळे गप्प. अशा तीन चार जागा निघतात.

त्यातला प्रत्येक तुकडा साधारण १५ सेकंदांचा कापा आणि ज्याने यातलं काहीच बघितलेलं नाही अशा कोणाला तरी फोनवर दाखवा. प्रस्तावना करू नका, "बघ हां, इथे मजा येते" असंही म्हणू नका. दाखवून झाल्यावर फक्त ऐका. तो म्हणाला "मग पुढे काय झालं?" तर क्षण चालतो. तो म्हणाला "हा कोण?" किंवा "हे कुठे चाललंय?" तर क्षण चांगला असेलही पण एकटा उभा राहू शकत नाही. आणि नुसता "हा, छान आहे" आलं तर समजा नाही चालत, घरचे लोक हेच म्हणतात, म्हणून शक्यतो घरच्यांना विचारूच नका.

तपासणी ३: तुकडा कुठे तोडलाय

बहुतेक दुरुस्त्या इथे फसतात, म्हणून एक खरं उदाहरण घेऊन सविस्तर लिहितो.

एका मित्राचा घर शिफ्टिंगचा व्लॉग, एकूण १८ मिनिटं २० सेकंद. सुरुवातीची ६५ सेकंदं लोगो, खुशाली, आणि आज काय काय करणार याची यादी. मग माप घेणं, खोकी भरणं, खोकी भरणं आणि अजून खोकी भरणं. आणि ११:४२ ला नवीन घराच्या जिन्यात, वळणावर, तीन सीटचा सोफा अडकतो. तो तुकडा साधारण असा होता:

११:४२ पासून "जरा डावीकडे, अजून, अजून" चालू आहे. ११:५१ ला धप्प आवाज, सोफा भिंत आणि कठड्याच्या मध्ये घट्ट, सगळे गप्प. ११:५५ ला धाकटा भाऊ शांतपणे म्हणतो, "दादा, हा आता इथेच राहणार." मग हसणं आणि चूक कोणाची यावर चर्चा. १२:१० ला वरच्या मजल्यावरचे एक काका येऊन विचारतात, "मला खाली जायचंय, किती वेळ लागेल?" आणि कोणीच उत्तर देत नाही. १२:१७ ला पुढचा संवाद:

"पाय काढू याचे. स्क्रू ड्रायव्हर कुठंय?"
"पेटीत."
"पेटी कुठंय?"
"सोफ्याच्या पलीकडे."

१२:३१ ला काका वरून पेटी पुढे करतात, पाय निघतात, सोफा उभा करून वळवला जातो आणि मागचं कापड फाटून का होईना वर जातो.

मित्राने स्वतः हुक लावून बघितला होता. त्याने १२:२५ पासून पुढची १५ सेकंदं उचलली होती, काका पेटी देतायत, पाय निघतायत, टाळ्या. त्याच्या मते तोच सगळ्यात भारी भाग, आणि प्रत्यक्ष जिन्यात उभं असणाऱ्यांसाठी होताही, कारण सुटका झाली. पण बघणाऱ्याला पहिल्या १५ सेकंदांतच कळलं की सोफा निघाला. मग पुढची १८ मिनिटं कशासाठी बघायची? त्याचा ग्राफ आधीपेक्षा वाईट आला आणि यात आश्चर्य काहीच नाही.

म्हणून तोडायची जागा ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: या तुकड्याने अडचण वाढली का सुटली? वाढवणारं सगळं दाखवा, सोडवणारं काही दाखवू नका. "उत्तर दाखवायचं नाही" एवढंच लोक ऐकतात आणि मग "पेटी कुठंय?" वरच कापतात. पण "सोफ्याच्या पलीकडे" हे उत्तर असूनसुद्धा त्याने अडचण वाढतेच, म्हणून ते हुकमध्ये हवंच, खरं तर तोच त्या १५ सेकंदांतला सगळ्यात वजनदार घाव आहे.

शेवटी बांधला तो हुक असा: पहिली ३ सेकंदं धप्प आणि त्यानंतरची शांतता, मग ३ सेकंदं "दादा, हा आता इथेच राहणार", मग ४ सेकंदं काका आणि कोणीच न दिलेलं उत्तर, मग ५ सेकंदं पेटीचा संवाद. "पलीकडे" हा शब्द संपला की लगेच काळा पडदा, एक सेकंद, आवाजासकट सगळं बंद. मधलं हसणं आणि वादावादी काढून टाकली, कारण तिथे अडचण जागची हलत नव्हती.

दोन छोट्या गोष्टी. एक, सुरुवात काळ्यातून हळूहळू उजळवू नका, पहिल्या फ्रेमलाच सोफा दिसला पाहिजे. दोन, बोललेली वाक्यं स्क्रीनवर लिहा, मोठ्या अक्षरात, कारण आवाज बंद असेल तर हा अख्खा हुक नुसता "चार माणसं आणि एक सोफा" एवढाच उरतो. थरारक म्युझिक मात्र टाकू नका, या शांततेतच खरी गंमत आहे आणि म्युझिकने ती मरते.

तपासणी ४: १६ व्या सेकंदाला काय आहे

हुक चांगला आहे, ग्राफ पहिली १५ सेकंदं मस्त चाललाय, आणि १६ व्या सेकंदापासून तोच जुना कडा. असं दिसलं तर हुकला दोष देऊ नका. हुकच्या मागे तुमचं जुनं "नमस्कार मित्रांनो" तसंच बसलंय, गळती थांबली नाही, फक्त पुढे सरकली. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "हुक लावला पण उपयोग झाला नाही" म्हटलं की व्हिडिओ उघडून आधी १६ वं सेकंद बघतो.

काळ्या पडद्यानंतर जे येतं ते त्याच अडचणीकडे जाणारं पाहिजे. सोफ्याच्या व्लॉगमध्ये आम्ही ती ६५ सेकंदं पूर्ण काढली आणि काळ्यानंतर एका ओळीत "त्याच दिवशी, सकाळी" लिहून थेट मापाच्या सीनवर गेलो. त्या सीनमध्ये मित्र टेपने नवीन घराचा दरवाजा मोजतो, सोफा मोजतो, आणि खुश होऊन म्हणतो की आरामात जाईल. जिना कोणी मोजतच नाही. मूळ व्हिडिओत हा सीन कंटाळवाणा होता, पण आता बघणाऱ्याला पुढचं माहिती आहे, त्यामुळे "आरामात जाईल" वर तो हसतो. क्षण पुढे आणण्याचा खरा फायदा हा आहे, नुसती सुरुवात सुधारते असं नाही, मधला रटाळ भागही वाट बघण्याचा भाग होतो. अर्थात जेवढा त्या अडचणीशी जोडलेला आहे तेवढाच. खोकी भरण्याचा जोडलेला नव्हता, त्यातली २ मिनिटं उडवली.

मग प्रश्न येतो, तो क्षण त्याच्या मूळ जागी परत दाखवायचा का? दाखवायचा, काढून टाकला तर गोष्टीत भोक पडतं. पण तसाच्या तसा नाही. लोकांनी तो बघितलाय, हुबेहूब तोच शॉट आला की ते पुढे ढकलतात आणि ग्राफमध्ये तिथे खड्डा दिसतो. दुसऱ्या फोनवरचा, दुसऱ्या बाजूचा शॉट असेल तर तो वापरा, आमच्याकडे बहिणीने खालून घेतलेला होता, त्यात भावाचं वाक्य ऐकू येतं आणि चेहरा दिसतो तो मित्राचा. दुसरा अँगल नसेल तर आधीची "अजून, अजून" वाली धडपड आणि मधली वादावादी इथे ठेवा, जी हुकमध्ये नव्हती. म्हणजे परत बघतानाही काहीतरी नवीन मिळतं.

एक गोष्ट जाता जाता, थंबनेल बघा. सोफ्याच्या व्लॉगच्या थंबनेलवर अख्खं कुटुंब नवीन घरात त्याच सोफ्यावर बसलेलं होतं. म्हणजे हुक विचारतोय की सोफा जाईल का आणि थंबनेलने क्लिक करायच्या आधीच सांगून टाकलंय.

तपासणी ५: तुकडा पुढे घातल्यावर बाकीचं घसरलं का

आता तांत्रिक भाग. इथपर्यंत आलात म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअर उघडावंच लागणार. सगळ्यात आधी प्रोजेक्टची एक कॉपी करून ठेवा, आणि मूळ जागेवरून तुकडा कट करू नका, कॉपी करा, नाहीतर तपासणी ४ मधला परतीचा क्षण हातातून जातो.

कॉपी केलेला तुकडा सुरुवातीला नुसता पेस्ट केला तर तो तिथल्या क्लिपच्या डोक्यावर बसतो, म्हणजे तुमची सुरुवात खाऊन टाकतो. प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह दोन्हीत यासाठी वेगळं पेस्ट आहे, Paste Insert, शॉर्टकट Ctrl+Shift+V, मॅकवर Ctrl च्या जागी Cmd. हे बाकी सगळं मागे सरकवून जागा करतं. पण एखादा ट्रॅक लॉक असेल तर तो जागेवरच राहतो आणि मग म्युझिक, टायटल, सबटायटल यातलं काहीतरी १५ सेकंद आधी येऊन बसतं. मोबाईलच्या एडिटरमध्ये हा त्रास जास्त होतो कारण मुख्य ट्रॅक सरकतो आणि वर चिकटवलेले टेक्स्ट स्टिकर कधी कधी सरकत नाहीत. म्हणून घातल्यावर तीन जागा बघायच्या: हुकनंतरचा पहिला सीन, मधला कुठलाही टेक्स्ट असलेला सीन, आणि शेवटचा मिनिट. तिन्ही जुळले तर बाकीचंही जुळलेलं असतं.

आवाज वेगळा तपासा. हुकमध्ये धप्प आणि जिन्यातला घुमणारा आवाज आणि त्यानंतर घरातलं शांत बोलणं, हा फरक फार असेल तर हेडफोनवाला पहिल्यांदा दचकतो आणि मग आवाज वाढवतो. यूट्यूब जास्त मोठ्या आवाजाचा व्हिडिओ खाली आणतं हे खरं, पण ते अख्ख्या व्हिडिओला एकसारखं खाली आणतं, आतल्या दोन तुकड्यांमधला फरक तसाच राहतो. तो तुम्हालाच काढायचाय. बोलणं बोलण्याशी जुळवा, धप्प धप्पशी नको. हुकमधल्या "इथेच राहणार" चा आणि पुढच्या "आरामात जाईल" चा आवाज फोनच्या स्पीकरवर सारखा वाटला पाहिजे, आणि धप्प जेवढा खाली आणावासा वाटेल तेवढा आणा, तो आपोआप मोठाच वाटतो.

मग ओठ आणि शब्द जुळत नाहीयेत अशी तक्रार. फोनचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतो तो आकडा, शूट करताना बऱ्याचदा कमी जास्त होतो, आणि काही सॉफ्टवेअरना ते झेपत नाही. छोट्या क्लिपमध्ये जाणवत नाही पण लांब क्लिपच्या अकराव्या मिनिटाला आवाज चांगला घसरलेला असतो, आणि तुम्ही तुकडा नेमका तिथूनच उचलताय. हुकमध्ये ओठ जुळत नसतील तर हाताने आवाज सरकवत बसू नका, पुढच्या क्लिपला परत तेच होईल. मूळ क्लिप एकदा ffmpeg या कमांड लिहून चालणाऱ्या फुकट टूलने ठराविक फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या आणि मग एडिटमध्ये आणा, sofa.mp4 च्या जागी तुमच्या फाइलचं नाव:

```
ffmpeg -i sofa.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac sofa30.mp4
```

फोनवर ६० ने शूट केलं असेल तर 30 च्या जागी 60 लिहा.

शेवटचं म्हणजे चॅप्टर. डिस्क्रिप्शनमध्ये टाइमस्टॅम्प लिहिले असतील तर ते सगळे आता चुकीचे आहेत. आमच्या व्हिडिओत पुढे १५ सेकंदांचा हुक आणि १ सेकंद काळा आला, सुरुवातीची ६५ सेकंदं गेली, म्हणजे मापाचा सीन आणि खोक्यांची सुरुवात ४९ सेकंद आधी आली, आणि खोक्यांनंतरचं सगळं अजून २ मिनिटं आधी. जुने होते ते असे:

```
0:00 सुरुवात
2:10 खोकी भरली
6:30 ट्रक आला
11:42 सोफा अडकला
16:05 घर लावलं
```

आणि नवीन:

```
0:00 जिन्यात
1:21 खोकी भरली
3:41 ट्रक आला
8:53 जिन्याचं वळण
13:16 घर लावलं
```

पहिला टाइमस्टॅम्प 0:00 च असावा लागतो, किमान तीन लागतात आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा, नाहीतर यूट्यूब चॅप्टर दाखवतच नाही. हुकला वेगळा चॅप्टर द्यायला जाऊ नका, दिला तर लोक एका टॅपमध्ये तो ओलांडतात, त्यापेक्षा हुक आणि पहिला भाग एकाच नावाखाली राहू द्या. नाव बदललंय ते मुद्दाम, पण "सोफा अडकला" राहिलं असतं तरी चाललं असतं, हुकने ते सांगितलंच आहे. "सोफा शेवटी निघाला" असलं काही मात्र नको.

आणि वेगळी सबटायटल फाइल अपलोड करत असाल तर तीही नवीन बनवा, जुनी इथे चालणार नाही.

आधीच टाकलेल्या व्हिडिओचं काय

यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. नवीन एडिट टाकायचा म्हणजे नवीन लिंक, शून्य व्ह्यू, आणि जुन्या कमेंट जुन्याच जागी. माझं मत विचाराल तर जुना व्हिडिओ बऱ्यापैकी चालला असेल तर हात लावू नका, सुरुवात ट्रिम करा तेवढी आणि हा हुक पुढच्या व्हिडिओला वापरायला शिका. अगदीच पडून असेल आणि आतला क्षण खरंच दमदार असेल तरच नवीन एडिट टाका, आणि जुना प्रायव्हेट करून टाका म्हणजे एकच गोष्ट दोनदा फिरत नाही.

टाकल्यावर दोन तीन दिवसांनी तोच ग्राफ उघडा. ३० व्या सेकंदाचा आकडा तुमच्या नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा वर असेल तर दुरुस्ती लागली. पहिल्या ५ सेकंदांतच कडा असेल तर थंबनेल एक सांगतंय आणि हुक दुसरंच, क्लिक करणाऱ्याला हवं ते दिसलं नाही. १६ व्या सेकंदाला कडा असेल तर तपासणी ४, आणि क्षणाच्या मूळ जागी खड्डा असेल तर हुकमध्ये गरजेपेक्षा जास्त दाखवलंत.

इथे थांबा, आणि एडिटरला फोन करा

क्षण चांगला आहे पण त्यातलं बोलणं कळत नाही, वारा आहे किंवा आवाज फाटलाय. वारा, घरघर थोडी कमी होते, जाणकार साउंडवाला ते बऱ्यापैकी करतो. रेकॉर्डिंग करतानाच फाटलेला आवाज मात्र घरच्या घरी नीट होत नाही, फिल्टरवर फिल्टर लावून तो अजून बादलीतून बोलल्यासारखा होतो. तासभर प्रयत्न केला आणि शब्द कळेना झाले की सोडा. निदान स्क्रीनवर वाक्य लिहून निभतंय का तेवढं बघा.

दोन तीन फोनवर शूट केलंय आणि फ्रेमरेट सारखा करूनही अँगल एकमेकांशी जुळत नाहीयेत, तर हेही एडिटरकडे द्या. त्याला अर्धा दिवस लागेल, तुम्हाला आठवडा जाईल आणि शेवटी तुम्ही तो व्हिडिओच सोडून द्याल.

क्षणात मागे कोणाचं तरी गाणं वाजतंय आणि बोलणं त्याच्यावरच आहे, तेव्हाही थांबा. गाणं काढायला गेलात तर बोलणं खराब होतं, ठेवलं तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. साउंडवाल्याला विचारा की वेगळं निघेल का, नाही म्हणाला तर दुसरा क्षण शोधा.

त्या काकांसारखं कोणी अनोळखी हुकमध्ये असेल तर त्यांना आधी विचारा. बाराव्या मिनिटाला कोपऱ्यात दिसणं वेगळं आणि पहिल्या दहा सेकंदांत चेहऱ्यासकट येणं वेगळं. ते नको म्हणाले तर हुकमधून काढा, इथे कुठलाही एडिटर मदत करू शकत नाही.

आणि तीन चार तुकडे वेगवेगळ्या लोकांना दाखवूनही कोणीच "मग पुढे?" विचारलं नाही, तर त्या फुटेजमध्ये हुक नाहीये. एडिटरला पैसे देऊनही तो तयार होणार नाही, जे घडलंच नाही ते तो कुठून आणणार. असा व्हिडिओ सरळ चार पाच मिनिटांचा छोटा करा आणि टाकून द्या.

एडिटरकडे जाताना फोनमधल्या मूळ फाइल्स द्या, चॅट ॲपवरून पाठवलेल्या नकोत, त्यात क्वालिटी गेलेली असते आणि मग तो तुकडा मोठ्या स्क्रीनवर फुटतो. ड्राइव्हवर टाका किंवा पेनड्राइव्ह द्या. सोबत मूळ व्हिडिओतले टाइमकोड लिहून द्या, कुठून कुठपर्यंतचा क्षण, आणि कुठलं सेकंद हुकमध्ये अजिबात यायला नको. आमच्या बाबतीत ते १२:३१ होतं, तिथून पुढे काका पेटी देतात.